मुंबईहून परत आलेला माल : फळीवर ठेवण्याआधी काय तपासायचं?

वेळणेश्वर (ता. गुहागर) : मे महिना संपला, पाऊस लागला, की आपल्या भागातल्या छोट्या उत्पादकांच्या घरी एक ठरलेली गोष्ट घडते. मुंबई-पुण्याच्या दुकानांत उन्हाळ्यासाठी पाठवलेलं कोकम सरबत, आंबापोळी, आमसुलं, कुळथाचं पीठ यातला न खपलेला माल खोक्यात भरून परत येतो. "विकेल तेवढ्याचे पैसे, उरलेलं परत" या बोलीवर माल दिला असेल तर दुकानदाराचं काही चुकत नाही. प्रश्न आपल्या पडवीत सुरू होतो. या खोक्यांचं करायचं काय?

बहुतेक घरांत खोकं उघडतात, वरवर बघतात, बरी दिसणारी पाकिटं फळीवर चढवतात आणि उरलेली गोठ्याकडे जातात. मीही तसंच करायचो. दोन वर्षांपूर्वी परत आलेली आंबापोळी त्याच दुपारी फळीवर लावली आणि गणपतीला आलेल्या एका ओळखीच्या कुटुंबाला तीन पाकिटं दिली. मुंबईला जाऊन त्यांनी पाकीट फोडलं तर आत पांढरी बुरशी. पैसे लगेच परत केले, माफीही मागितली. पण ते घर दरवर्षी माझ्याकडून हापूसच्या दहा पेट्या न्यायचं. पुढच्या मोसमात त्यांचा फोन आला नाही, आणि मलाही करायला तोंड नव्हतं.

तेव्हापासून परत आलेल्या मालाचं काम वहीत लिहून करतो. गेल्या वर्षी, म्हणजे 28 जून 2025 रोजी आलेल्या चार खोक्यांचा हिशेब इथे देत आहे. आकडे एका घरचे आहेत, पण तपासायची रीत कुणालाही लागू पडेल.

आधी मोजणी, मग बाकी सगळं

माल खासगी बसच्या डिकीतून आला. दुकानदाराच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : कोकम सरबत 24 बाटल्या, आंबापोळी 40 पाकिटं, आमसूल 30 पाकिटं, कुळीथ पीठ 18 पाकिटं. खोकी फोडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढले. एका खोक्याचा तळ ओला होता, त्याचा वेगळा फोटो काढला. फोडताना मुलाने मोबाईलवर सलग व्हिडिओ घेतला.

मोजल्यावर आंबापोळी 38 भरली. दोन पाकिटं कमी. दुकानदार आपल्या बिलातून 40 पाकिटं वजा करणार होता. पाकिटाला त्याचा भाव 95 रुपये, म्हणजे 190 रुपयांचा फरक. व्हिडिओ पाठवल्यावर त्याने काही न बोलता 38 मान्य केली. दोन दिवसांनी फोन केला असता तर वाद झाला असता. ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी तर हा व्हिडिओ फारच महत्त्वाचा. तिथे कधी रिकामं खोकं, कधी भलतीच वस्तू परत येते आणि तक्रार करायची मुदत थोड्याच दिवसांची असते. व्हिडिओत पार्सलवरचं लेबल आणि आतली वस्तू एकाच सलग चित्रणात दिसली पाहिजे.

मोजून झाल्यावर सगळा माल पडवीच्या एका कोपऱ्यात वेगळा ठेवला आणि वर पुठ्ठा लावला : "तपासणी बाकी, विकू नये". घरात चार माणसं वावरतात. गिऱ्हाईक दारात आलं की कोणीही हाताला येईल ते पाकीट उचलून देतो. तो पुठ्ठा त्यासाठी.

दिसण्यावर जाऊ नका, बॅच बघा

माल पदार्थाप्रमाणे नाही, तर पदार्थ आणि बॅच दोन्हीप्रमाणे वेगळा लावायचा. पाकिटावर बॅच नंबर आणि तारीख असते ती याच कामासाठी. आंबापोळीच्या 38 पाकिटांत दोन बॅच निघाल्या. 6 मे रोजी पॅक केलेली 20 पाकिटं आणि 23 मे रोजी पॅक केलेली 18.

सगळी पाकिटं उजेडासमोर धरून दोन्ही बाजूंनी बघितली. बुरशी लागलेली सहा सापडली. आधी वाटलं, सहा फेकू, बत्तीस ठेवू. पण ती सहा कुठल्या बॅचमधली हे लिहिल्यावर चित्र बदललं. 6 मेच्या बॅचमधलं एकच पाकीट खराब होतं आणि त्याला कोपऱ्यात भोक होतं. म्हणजे ते वाहतुकीत फाटलं, हवा शिरली, बुरशी धरली. कारण कळलं, विषय संपला. 23 मेच्या बॅचमधली मात्र पाच पाकिटं खराब होती आणि पाचांचंही सील शाबूत होतं.

सील शाबूत असून आत बुरशी आली, तर दोष बसचा नाही, दुकानाचाही नाही. तो आपल्या घरचा. 2025 च्या मे महिन्यात पावसाने घाई केली. 25 मे रोजी मान्सून तळकोकणात पोहोचला आणि त्याच्या आधीचे काही दिवस ढग, सरी, दमट हवा असंच चाललं होतं. आमची ती शेवटची पोळी नीट उन्हात वाळलीच नव्हती. दोन दिवस पंख्याखाली ठेवली, वरून कोरडी लागली आणि पॅक केली. वरचा थर सुकला होता, पण मधल्या थरात ओल राहिली. पुढे दुकानातल्या गरमीत ती ओल पाकिटातल्या पाकिटात फिरली आणि बुरशीला फावलं.

आता त्या बॅचमधल्या उरलेल्या 13 पाकिटांचं काय? बघायला ती छान होती, रंगही चांगला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, एवढी चांगली पोळी टाकताय? ऊन पडलं की परत वाळवा नि घाला नवीन पाकिटात." जीव माझाही होत नव्हता. छापील किमतीने ती 1,690 रुपयांची होती. पण त्या तेरांत आणि बिघडलेल्या पाचांत फरक एवढाच, की पाचांत बुरशी दिसायला लागली होती. ओल सगळ्यांत तीच. शिवाय आषाढात कोकणात ऊन पडतं किती? परत वाळवायचं म्हणजे चुलीवर धूर खायला घालणं. म्हणून अख्खी बॅच बाद केली. दोन वर्षांपूर्वी नेमकं हेच केलं नव्हतं.

बॅच बाद केली की काम तिथे संपत नाही. तीच बॅच आणखी कुठे गेली आहे ते वहीत बघावं लागतं. 23 मेची आठ पाकिटं गुहागरच्या एका दुकानात होती. त्याच संध्याकाळी फोन करून ती काढायला लावली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन उचलली. ती या 38 पाकिटांच्या हिशेबात धरलेली नाहीत. बिलावर बॅच नंबर लिहिलेला नसता, तर ती शोधता आली नसती.

6 मेच्या बॅचमधली 19 पाकिटं उरली. त्यांचा रंग थोडा काळपट झाला होता. उष्णतेने आंबापोळी गडद होते. नुसत्या रंगावरून ती खराब ठरत नाही, पण खात्री करावी लागते. त्यातलं एक पाकीट फोडलं. वास घेतला, पोळी दुमडून बघितली, खाल्ली. आंबूस वास नाही, दुमडल्यावर चिकट पाणी सुटत नाही, चव ठीक. 18 पाकिटं विक्रीला पास. फोडलेलं पाकीट घरात खपलं, पण वहीत ते नुकसानीतच लिहिलं.

बाटली, पिशवी आणि पिठाची परीक्षा

कोकम सरबताच्या 24 बाटल्या पुसून वर्तमानपत्रावर रात्रभर उलट्या ठेवल्या. सकाळी चार बाटल्यांखाली लाल डाग होता. ज्या झाकणातून सरबत बाहेर येतं, त्यातून हवा आत जाते. म्हणून गळणारी बाटली घट्ट आवळून परत विकायची नाही. आणखी दोन बाटल्या गळत नव्हत्या, पण दाबल्या तर दगडासारख्या कडक, तळ फुगलेला. झाकण फिरवल्यावर फस्स आवाज आला. साखरेचा पाक कमी पडला किंवा बाटली ओली राहिली की सरबत आंबतं आणि वायू धरतो. सरबताच्या पाकात विरघळलेला घन भाग, मुख्यतः साखर, निदान 65 टक्के असावा असं अन्नसुरक्षेचं प्रमाण आहे. त्याखाली गेलं की टिकण्याची खात्री नाही.

इथेही आधी बॅच बघितली. सगळ्या बाटल्या एकाच बॅचच्या होत्या, म्हणून फुगलेल्या दोन बघून पोटात गोळा आला. उरलेल्या अठरांतली एक फोडली. वास स्वच्छ, फेस नाही, रिफ्रॅक्टोमीटरवर साखर बरोबर. त्या दोन बाटल्या धुतल्यावर नीट निथळल्या नसाव्यात. तरी उरलेल्या 17 लगेच विक्रीला लावल्या नाहीत. आठवडाभर ठेवून परत एकेक दाबून बघितली, मगच पास केल्या. त्यातल्या नऊ बाटल्यांची लेबलं सरबत सांडून खराब झाली होती. नवीन लेबल लावलं, पण त्यावर जुनाच बॅच नंबर, जुनीच उत्पादनाची तारीख आणि जुनीच मुदत लिहिली.

हा मुद्दा नीट लक्षात ठेवा. लेबल बदलता येतं, तारीख बदलता येत नाही. परत आलेल्या मालावर आजची तारीख टाकणं ही सरळ फसवणूक आहे आणि अन्नसुरक्षा कायद्याखाली कारवाई होऊ शकते. किंमत मात्र कमी करता येते. वजनमाप कायद्याच्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत कमी किमतीचं स्टिकर चालतं, फक्त मूळ छापील किंमत त्याखाली झाकली जाता कामा नये.

आमसुलाच्या पिशव्यांची परीक्षा बादलीभर पाण्यात होते. पिशवी पाण्याखाली धरून हलकी दाबायची. बुडबुडे आले की सील गेलं. नंतर कोरड्या फडक्याने पुसून घ्यायची. 30 पैकी पाच पिशव्यांतून बुडबुडे आले. आमसुलात मीठ असतं आणि मीठ पावसाळी हवेतली ओल ओढतं. त्या पाचांतली आमसुलं मऊ पडली होती, बुरशी नव्हती. ती घरच्या सोलकढीला ठेवली. विक्रीच्या हिशेबातून मात्र ती गेली. उरल्या 25.

कुळथाच्या पिठाने सगळ्यात जास्त वेळ घेतला. 18 पैकी सहा पाकिटांत पोरकिडे दिसले, काहींत जाळी धरली होती. किड्याची अडचण अशी, की तो पातळ प्लास्टिक पोखरून शेजारच्या पाकिटात जातो आणि अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून चांगली दिसणारी 12 पाकिटं फळीवर न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात 15 दिवस बंद ठेवली. 13 जुलैला उघडली तर आणखी एकात किडा निघाला. राहिली 11. तीच पाकिटं पहिल्या दिवशी घरच्या तांदळाशेजारी लावली असती तर तांदूळही गेला असता.

चांगला असला तरी पाठवायचा कुठे?

माल पास झाला म्हणजे परत मुंबईला पाठवता येईल असं नाही. पाकिटाची मुदत किती उरली आहे हे बघावं लागतं. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये ऑनलाइन कंपन्यांना सांगितलं, की ग्राहकाच्या हातात पडताना मुदतीचा निदान 30 टक्के भाग किंवा 45 दिवस शिल्लक असावेत. हे सांगणं ऑनलाइन विक्रीसाठी असलं तरी शहरातले दुकानदारही आता तारीख बघूनच माल घेतात.

माझं पीठ 20 मार्चचं, मुदत सहा महिन्यांची. 13 जुलैला जेमतेम 69 दिवस उरले होते. मुंबईला पोहोचून फळीवर लागेपर्यंत त्यातले पंधरा-वीस गेले असते आणि उरलेलं परत माझ्याच दारात आलं असतं. म्हणून 11 पाकिटं किंमत थोडी उतरवून गावातच संपवली. सरबताची मुदत नऊ महिन्यांची. ते आणि आंबापोळी श्रावणी सोमवारी देवळात येणाऱ्यांसाठी आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठी ठेवलं. आमसुलाचं गिऱ्हाईक वर्षभर असतं.

नुकसान छापील किमतीने मोजू नका

लोक म्हणतात, "दहा-अकरा हजारांचा माल परत आला." तो दुकानाच्या भावाने. 38 पाकिटं धरून माझ्या बिलातून 10,870 रुपये वजा झाले, हे खरं. पण ते सगळं नुकसान नव्हे. आपल्याला तो माल बनवायला किती लागला तो आकडा खरा. माझा खर्च सरबताच्या बाटलीला 70, आंबापोळीला 60, आमसुलाला 75 आणि पिठाला 55 रुपये. त्या हिशेबाने परत आलेला सगळा माल 7,200 रुपयांचा.

बाद झाल्या सात बाटल्या सरबत (490 रुपये), वीस पाकिटं आंबापोळी (1,200), पाच आमसूल (375) आणि सात पीठ (385). एकूण 2,450 रुपये. त्यात परतीचं बसभाडं 320. म्हणजे खरा फटका 2,770 रुपयांचा. वाचलेला माल 4,750 रुपयांचा. हे आकडे समोर आले की डोकं शांत राहतं. नाहीतर "अकरा हजार गेले" या धसक्यातच माणूस बुरशीवाल्या बॅचमधली तेरा पाकिटं विकायला बसतो. त्या तेरांचा खर्च होता 780 रुपये. हापूसच्या दहा पेट्यांचं गिऱ्हाईक त्याहून किती मोठं, ते मला सांगायला नको.

ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांनी दोन गोष्टी कर सल्लागाराला विचाराव्यात. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट वेळेत काढली तरच भरलेला कर कमी होतो. त्याची शेवटची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरची, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर त्या दिवसाची. आणि जो माल नष्ट केला, त्याच्या बाटल्या-पाकिटांच्या खरेदीवर घेतलेलं कराचं क्रेडिट परत करावं लागतं. त्यासाठीही वही लागते.

बाद माल खरोखर बाद करा

बाद केलेला माल कोपऱ्यात राहिला की कधीतरी तो परत फळीवर येतो. म्हणून त्याच आठवड्यात तो संपवायचा. सरबत शेणखताच्या खड्ड्यात ओतलं. विहिरीजवळ किंवा पऱ्ह्यात ओतू नये. बाटल्यांची लेबलं फाडून तळाला भोक पाडलं, म्हणजे कोणी त्यात दुसरं काही भरून विकणार नाही. बुरशीची आंबापोळी खड्ड्यात पुरली. ती गुरांना घालू नका. काही बुरशींचं विष चाऱ्यातून दुधात उतरतं आणि ते उकळूनही जात नाही. किडे पडलेलं पण बुरशी नसलेलं पीठ आमच्या कोंबड्यांनी खाल्लं. पाकिटं फोडण्याआधी सगळ्यांचा एक फोटो काढला आणि वहीत तारीख, बॅच, नग, कारण लिहिलं.

चिपळूणच्या व्यापाऱ्यांनी हे फार मोठ्या प्रमाणावर सोसलं आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा खाण्याचा भिजलेला माल टाकण्यावाचून इलाज नव्हता. पुराचं किंवा गटाराचं पाणी लागलेलं पाकीट बाहेरून धुऊन कितीही स्वच्छ दिसलं तरी विकायचं नसतं. आपल्याकडे एखादं खोकं परतीच्या वाटेवर असं भिजून आलं तर तोच नियम.

वहीने काय बदललं?

वर्षअखेर ती पानं चाळल्यावर यंदासाठी तीन गोष्टी ठरवल्या. पावसाची चाहूल लागल्यावर वाळवलेली पोळी पॅक करायची नाही, ती घरी खायची. कुळथाचं पीठ परतीच्या बोलीवर द्यायचं नाही, दुकानाला हवं तेवढंच रोखीने द्यायचं. आणि दुकानदाराला मालासोबतच लिहून द्यायचं, की उरलेला माल 20 मेच्या आत परत पाठवा. पावसात बसच्या डिकीतून चार खोकी येण्यापेक्षा उन्हात दोन आलेली बरी.